आईच्या दुधातील कोलेस्टेरॉल: बाळपणी ते कशाला लागते आणि मोठेपणी त्याचे काय उरते

समजा, चार महिन्यांचे एक बाळ आहे. जन्मापासून ते केवळ आईच्या अंगावर पीत आहे, वजन सहा किलो आहे, अंगाने छान बाळसे धरलेले आहे. वडिलांचे कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यामुळे काळजीपोटी कोणीतरी बाळाच्याही रक्ताची तपासणी करून घेते आणि अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १७२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे येते. घरातल्यांना धक्का बसतो, कारण मोठ्या माणसांसाठी २०० ही सीमारेषा मानतात आणि ज्याने दुधाशिवाय अजून काही चाखलेले नाही, असे चार महिन्यांचे बाळ त्या रेषेच्या जवळ कसे पोहोचले, हे कोणालाच कळत नाही. मग आईच्या जेवणातील तुपावर आणि अंड्यांवर संशय येतो आणि डब्याचे दूध सुरू करावे काय, अशी कुजबूज सुरू होते. अंगावरचे दूध बंद करण्यासाठी हे कारण अजिबात पुरेसे नाही. ते का, हे नीट समजून घ्यायचे तर आधी दुधातला स्निग्धांश कसा असतो ते पाहावे लागेल.

काढून ठेवलेले आईचे दूध काही तास न हलवता ठेवले तर त्याच्यावर पिवळसर साय जमा होते आणि खाली निळसर, पातळ दूध राहते. वर आलेला तो थर म्हणजे स्निग्धांशाचे असंख्य सूक्ष्म गोळे. एकेका गोळ्याचा व्यास सरासरी चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चौपट. गोळ्याच्या आत ट्रायग्लिसराइड, म्हणजे साधी चरबी, भरलेली असते आणि दुधातील एकूण स्निग्धांशापैकी सुमारे ९८ टक्के भाग हाच असतो. गोळ्याभोवती मात्र एक नाजूक आवरण असते. ते कोठून येते, यात पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. स्तनातील दूध तयार करणाऱ्या पेशीच्या आत चरबीचा थेंब वाढत जातो, पेशीच्या कडेकडे सरकतो आणि बाहेर पडताना त्या पेशीचे स्वतःचे पटल अंगावर लपेटूनच बाहेर पडतो. पेशीपटल म्हटले की त्यात कोलेस्टेरॉल आलेच, कारण कोलेस्टेरॉलशिवाय प्राण्यांच्या पेशीचे पटल नीट उभेच राहत नाही. आईच्या दुधातील कोलेस्टेरॉल प्रामुख्याने या आवरणात असते. एकूण स्निग्धांशात त्याचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का असते, म्हणजे १०० मिलिलिटर दुधात साधारण १० ते २० मिलिग्रॅम.

आता आईच्या जेवणाचे पाहू. दुधातल्या चरबीचा प्रकार आईच्या आहाराप्रमाणे बदलतो. आई कोणते तेल खाते, मासे खाते की नाही, यावर दुधातील मेदाम्लांचे प्रमाण बरेच अवलंबून असते, विशेषतः मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्यासाठी लागणाऱ्या डीएचए या मेदाम्लाचे. कोलेस्टेरॉलचे मात्र तसे नाही. ते पेशीच्या पटलाबरोबर येत असल्यामुळे आईने अंडी खाल्ली किंवा सोडली तरी दुधातील कोलेस्टेरॉलमध्ये फारसा फरक पडत नाही. त्यामुळे बाळाचा अहवाल पाहून आईच्या ताटातले पदार्थ कमी करणे निरर्थक आहे, आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या बाईचे जेवण असे उगाच तोडणे मला तर अन्यायाचेच वाटते.

स्निग्धांशाचे प्रमाण दिवसभर सारखे नसते. एकाच वेळच्या पाजण्यातही सुरुवातीचे दूध पातळ असते आणि स्तन रिकामा होत आला की येणारे दूध दाट असते, त्यात सुरुवातीच्या तुलनेत दोन ते तीन पट स्निग्धांश असू शकतो. म्हणून एखाद्या वेळी काढलेल्या थोड्याशा दुधाची तपासणी करून आईचे दूध पातळ आहे किंवा दाट आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

बाळाला इतका स्निग्धांश लागतो तरी कशाला, हे वरच्या सहा किलोच्या बाळाचा हिशेब मांडला की स्पष्ट होते. हे बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते असे धरू. १०० मिलिलिटरमध्ये चार ग्रॅम स्निग्धांश धरला तर दिवसाला ३० ग्रॅम होतो. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे २७० कॅलरी. त्या दुधातून बाळाला एकूण मिळणारी ऊर्जा साधारण ५१० कॅलरी असते. याचा अर्थ असा की बाळाच्या ऊर्जेपैकी निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा एकट्या स्निग्धांशातून येते. मोठ्या माणसाच्या आहारात हे प्रमाण असते तर आहारतज्ज्ञाने लगेच कात्री लावली असती.

बाळाच्या बाबतीत तीच कात्री चालवून पाहू. समजा, दुधातला स्निग्धांश निम्मा केला आणि बाकी काही बदलले नाही, तर १०० मिलिलिटर दुधात ६८ ऐवजी ५० कॅलरी उरतील आणि तेवढ्याच ५१० कॅलरींसाठी बाळाला दिवसाला एक लिटरहून अधिक दूध प्यावे लागेल. त्याचे पोट लहान, मूत्रपिंडे अजून अपरिपक्व. तितके दूध ते पिऊच शकणार नाही आणि वजन वाढणे मंदावेल. दुसरा मार्ग म्हणजे सगळा स्निग्धांश काढून त्याजागी साखर घालणे. ३० ग्रॅम स्निग्धांशाची भरपाई करायला ६७ ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा लागेल. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला सात ग्रॅम दुग्धशर्करा आधीच असते, ती सोळा ग्रॅमवर जाईल. एवढी साखर आतड्यात पोहोचली की ती आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि न पचलेला भाग पुढे मोठ्या आतड्यात आंबतो. परिणामी बाळाला जुलाब लागतील. म्हणजे कमी जागेत जास्त ऊर्जा देणारा आणि तरीही आतड्यावर भार न टाकणारा पदार्थ स्निग्धांशाशिवाय दुसरा नाही.

ही ऊर्जा जाते कोठे, तर तिचा मोठा वाटा मेंदूकडे जातो. जन्माच्या वेळी मेंदूचे वजन ३५० ते ४०० ग्रॅम असते आणि पहिल्या वर्षात ते दुपटीहून अधिक होते. स्वस्थ पडलेल्या बाळाच्या शरीरात जितकी ऊर्जा खर्च होते, तिच्यापैकी निम्म्याहून जास्त एकट्या मेंदूवर खर्च होते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाबरोबरच शोषली जातात. आणि आपण ज्याला बाळसे म्हणतो ती त्वचेखालची चरबी काही केवळ दिसायला गोजिरी म्हणून नसते. ताप आला, दूध पिणे दोन दिवस कमी झाले, तर मेंदूला इंधन पुरवणारा साठा तोच असतो. जन्मतः बाळाच्या शरीरात १२ ते १५ टक्के चरबी असते आणि पाच-सहा महिन्यांपर्यंत ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास पोहोचते. हे निरोगी वाढीचेच लक्षण आहे.

स्निग्धांशाचे ठीक, पण कोलेस्टेरॉलची गरज काय, असा प्रश्न साहजिकच येतो. इथे एक समज दुरुस्त करावा लागतो. आईच्या दुधातील कोलेस्टेरॉल बाळाच्या मेंदूत जाऊन मेंदू घडवते, असे अनेकदा सांगितले जाते. मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असते हे खरे आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी वीस ते पंचवीस टक्के स्वतःत बाळगतो, कारण मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण त्याच्याशिवाय बनत नाही. परंतु रक्तातले कोलेस्टेरॉल रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत जात नाही. मेंदूला लागणारे कोलेस्टेरॉल मेंदूतल्याच पेशी तयार करतात. दुधातून आलेले कोलेस्टेरॉल शरीराच्या इतर भागांना उपयोगी पडते: भराभर वाढणाऱ्या पेशींची पटले, यकृतात बनणारी पित्ताम्ले आणि स्टेरॉइड संप्रेरके यांच्यासाठी. दूध बाळाच्या मेंदूला मदत करते ती प्रामुख्याने ऊर्जा आणि मेदाम्ले पुरवून. डब्याचे दूध पिऊन वाढलेल्या बाळांनाही मेंदू घडवण्यापुरते कोलेस्टेरॉल मिळते, कारण ते त्यांच्या स्वतःच्या पेशींनीच बनवलेले असते, आणि ज्या आईला काही कारणाने अंगावर पाजता आले नाही तिला हे माहीत असणे फार आवश्यक आहे.

आता कोलेस्टेरॉलचा हिशेब. १०० मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम धरले तर ७५० मिलिलिटर दुधातून बाळाला दिवसाला ९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल मिळते. आकडा किरकोळ वाटतो, पण बाळाचे वजन सहा किलो आहे. म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात कोलेस्टेरॉल खाल्ले तर दिवसाला ९०० मिलिग्रॅम होईल. मोठ्या माणसांसाठी अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींमध्ये वर्षानुवर्षे दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, तिच्या हे तिप्पट आहे. डब्याच्या दुधात चित्र अगदी उलटे असते. ते मुख्यतः साय काढलेल्या दुधावर वनस्पती तेले घालून तयार होते. साय काढली की तिच्याबरोबर गोळ्यांची आवरणे गेली, आणि वनस्पती तेलांत कोलेस्टेरॉल नसतेच. त्यामुळे १०० मिलिलिटर डब्याच्या दुधात कोलेस्टेरॉल शून्यापासून फार तर चार मिलिग्रॅमपर्यंत असते.

या फरकाचे प्रतिबिंब रक्तात स्पष्ट दिसते. जन्मतः नाळेतल्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ६५ ते ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. दूध सुरू झाल्यावर सर्वच बाळांमध्ये ते झपाट्याने वाढते, पण अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये अधिक वाढते. लंडनमधील ख्रिस ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोपर्यंतचे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, पहिल्या वर्षात अंगावर पिणाऱ्या बाळांचे एकूण कोलेस्टेरॉल डब्याचे दूध पिणाऱ्यांपेक्षा सरासरी २५ मिलिग्रॅमने जास्त आढळले. सुरुवातीच्या बाळाचा १७२ हा आकडा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. त्याची तुलना मोठ्या माणसाच्या २०० शी करणे म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या नाडीचे ठोके मोठ्या माणसाच्या मापाने मोजण्यासारखे आहे.

मात्र बाळाचे यकृत या काळात स्वस्थ बसलेले नसते. शरीराला लागणारे कोलेस्टेरॉल दोन वाटांनी मिळते, एक अन्नातून आणि दुसरे स्वतःच्या पेशींनी बनवलेले. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे झाले की ते बनवण्याच्या मार्गातील एचएमजी-कोए रिडक्टेज नावाच्या विकराचे काम मंदावते. स्टॅटिन गटातली औषधे मोठ्या माणसांमध्ये याच विकराला रोखतात. बाळांमध्ये हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे, तेही सुया न टोचता सुरुवात करून. बाळाला जड हायड्रोजन असलेले निरुपद्रवी पाणी थोडेसे पाजतात. नवे कोलेस्टेरॉल बनताना त्या पाण्यातला जड हायड्रोजन त्यात गुंफला जातो. मग रक्ताचा छोटा नमुना घेऊन तांबड्या पेशींतल्या कोलेस्टेरॉलमध्ये तो किती आला हे पाहिले, की शरीराने त्या काळात स्वतः किती कोलेस्टेरॉल बनवले याचा अंदाज येतो. १९९० च्या दशकातल्या अशा अभ्यासांत, चार महिन्यांच्या वयात डब्याचे दूध पिणारी बाळे अंगावर पिणाऱ्या बाळांच्या सुमारे तिप्पट वेगाने कोलेस्टेरॉल बनवत असल्याचे दिसले. म्हणजे दुधातून भरपूर आले की बाळाचे शरीर स्वतःचा कारखाना हळू चालवते, आणि दुधातून आले नाही की जोरात चालवते.

इथूनच एका मोहक कल्पनेचा जन्म झाला. बाळपणी भरपूर कोलेस्टेरॉल हाताळण्याची सवय यकृताला लागली, तर ती जन्मभर टिकेल काय? मोठेपणी चमचमीत खाल्ले तरी अशा माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी राहील काय? १९७२ मध्ये रेमंड रायझर आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांवरील प्रयोगातून ही शक्यता मांडली. ज्या पिल्लांना आईच्या दुधातून जास्त कोलेस्टेरॉल मिळाले त्यांच्यात, विशेषतः नरांमध्ये, मोठेपणी रक्तातले कोलेस्टेरॉल कमी दिसले. कल्पना इतकी सुंदर होती की ती लोकांना चटकन पटली.

पण माणसाच्या अधिक जवळ असलेल्या बबून माकडांनी तिला साथ दिली नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे पिल्लांचे काही गट आईच्या दुधावर आणि काही गट वेगवेगळ्या प्रमाणात कोलेस्टेरॉल घातलेल्या कृत्रिम दुधावर वाढवण्यात आले आणि नंतर वर्षानुवर्षे सर्वांना कोलेस्टेरॉल व संतृप्त चरबीने भरलेला आहार देण्यात आला. आईच्या दुधावर वाढलेल्या माकडांमध्ये मोठेपणी चांगले मानले जाणारे एचडीएल उलट कमी निघाले आणि धमन्यांत चरबीचे डाग अधिक दिसले. कृत्रिम दुधातले कोलेस्टेरॉल कमी-जास्त केल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. या प्रयोगाचा उल्लेख लोकप्रिय लिखाणात क्वचित होतो, आणि तो व्हायला हवा असे मला वाटते. यावरून आईचे दूध माणसाच्या धमन्यांना अपायकारक ठरत नाही. त्या माकडांना पुढे दिलेला आहार मुद्दाम वाईट होता. पण बाळपणीचा परिणाम सरळ रेषेत पुढे जातो असे गृहीत धरता येत नाही, आणि दुधातले कोलेस्टेरॉल हाच त्यातला कर्ता घटक आहे असेही म्हणता येत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

माणसांच्या बाबतीतला पहिला प्रश्न असा, की कारखान्याचा हा मंद वेग दूध सुटल्यावर टिकतो का. डब्याच्या दुधात कोलेस्टेरॉल घालून बाळांना अठरा महिन्यांपर्यंत पाहिलेल्या अभ्यासाचे उत्तर नकारार्थी आहे. चार महिन्यांच्या वयात गटागटांमध्ये असलेला फरक, सर्व बाळे वरचे अन्न खाऊ लागल्यानंतर, अठराव्या महिन्यात उरला नव्हता. ओवेन यांच्या २००२ च्या पाहणीतही बालपण आणि किशोरवयात दोन्ही गटांचे कोलेस्टेरॉल जवळजवळ सारखेच होते. म्हणजे सुरुवातीच्या बाळाचा वाढलेला आकडा ते शाळेत जाईपर्यंत बहुधा इतर मुलांच्या आकड्यांत मिसळून गेलेला असेल.

प्रौढांमधील पुरावा हा या विषयातला सर्वांत रोचक आणि सर्वांत निसरडा भाग आहे. ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सतरा अभ्यासांतील सुमारे साडेसतरा हजार प्रौढांची माहिती एकत्र केली. बाळपणी अंगावर प्यायलेल्यांचे एकूण कोलेस्टेरॉल डब्याच्या दुधावर वाढलेल्यांपेक्षा सरासरी दीड मिलिग्रॅमने कमी निघाले. हा फरक इतका लहान आहे की एकाच माणसाची दोन दिवस लागोपाठ तपासणी केली तरी त्याहून मोठा फरक येतो. पण त्या सतरांपैकी सात अभ्यासांत, बाळाला निव्वळ आईचे दूध मिळाले की निव्वळ डब्याचे, याची नीट नोंद होती, आणि तेवढ्याच अभ्यासांकडे पाहिले तर फरक सुमारे सहा मिलिग्रॅमचा होता. दोन्ही प्रकारचे दूध मिळालेली बाळे एका खान्यात टाकली की फरक पुसट होतो, हे तर्काला धरून आहे.

तरीही सहा मिलिग्रॅमचे श्रेय लगेच दुधाला देता येत नाही. अंगावर जास्त काळ पाजणाऱ्या कुटुंबांचे शिक्षण, उत्पन्न, धूम्रपानाच्या सवयी, मुलांना पुढे मिळणारा आहार, हे सगळेच वेगळे असू शकते, आणि त्याचाही परिणाम चाळीस वर्षांनंतरच्या रक्तावर होतो. शिवाय या अभ्यासांतले अनेक प्रौढ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मले. त्या काळी डब्याच्या दुधाऐवजी बाळांना आटवलेल्या, साखर घातलेल्या गाईच्या दुधाची मिश्रणे दिली जात, आणि त्यांची तुलना आजच्या डब्याच्या दुधाशी होऊ शकत नाही. २०१५ मध्ये बर्नार्डो होर्ता आणि सहकाऱ्यांनी नव्या अभ्यासांसह पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा स्तनपान आणि पुढच्या आयुष्यातील एकूण कोलेस्टेरॉल यांच्यात संबंध दिसला नाही.

ही गुंतागुंत सोडवण्याचा खरा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून बाळांचे गट करणे. निरोगी बाळांना मुद्दाम आईच्या दुधापासून वंचित ठेवणे अनैतिक असल्यामुळे तसे सरळ करता येत नाही, पण दोन प्रयोग त्याच्या जवळ जातात. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात, अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना दूधपेढीतले मातेचे दूध आणि काहींना अशा बाळांसाठी बनवलेले कृत्रिम दूध चिठ्ठ्यांनुसार देण्यात आले होते. त्यांतली सुमारे दोनशे मुले तेरा ते सोळा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मातेचे दूध मिळालेल्यांमध्ये वाईट मानले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल आणि चांगले एचडीएल यांचे गुणोत्तर चौदा टक्क्यांनी कमी होते. यातला अडथळा असा, की मूळ प्रयोगात नऊशेहून अधिक बाळे होती आणि त्यांतली बहुतेक या तपासणीपर्यंत पोहोचली नाहीत. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचे कृत्रिम दूध अधिक पोषक असल्याने वजन भराभर वाढते, आणि फरक कोलेस्टेरॉलमुळे पडला की वाढीच्या वेगामुळे, हे वेगळे करता येत नाही. दुसरा प्रयोग बेलारूसमधला. तिथे १९९६-९७ मध्ये एकतीस प्रसूतिगृहांची चिठ्ठ्यांनी विभागणी करून काहींमध्ये स्तनपानाला विशेष प्रोत्साहन दिले. सतरा हजारांहून अधिक बाळांच्या या प्रयोगात, तिसऱ्या महिन्यात निव्वळ आईचे दूध पिणाऱ्यांचे प्रमाण प्रोत्साहन मिळालेल्या गटात ४३ टक्के, तर दुसऱ्यात ६ टक्के होते. मुले साडेअकरा वर्षांची झाल्यावर रक्तदाब, साखर, इन्सुलिन आणि एचडीएलच्या कणावरील एक प्रमुख प्रथिन तपासले, तर दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

हे सर्व एकत्र ठेवले तर माझे मत असे बनते, की बाळपणी वाढलेले कोलेस्टेरॉल मोठेपणी धोका वाढवते याचा माणसांत पुरावा नाही, आणि मोठेपणी ते संरक्षण देते हा दावा फार तर एका लहानशा, अनिश्चित फरकावर उभा आहे. आईच्या दुधाची बाजू मांडण्यासाठी या फरकाचा आधार घेण्याची गरजही नाही. जुलाब आणि श्वसनमार्गाच्या संसर्गापासून मिळणारे संरक्षण कितीतरी भक्कमपणे सिद्ध झालेले आहे.

दूध सुटण्याच्या काळात मात्र पालकांची चूक होऊ शकते. १९८७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी सात ते बावीस महिन्यांच्या सात मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांचे वजन वाढत नव्हते आणि कोणताही आजार सापडत नव्हता. कारण असे निघाले, की मुलांना पुढे लठ्ठपणा आणि हृदयविकार होऊ नये म्हणून त्यांच्या आईवडिलांनी मोठ्यांसाठीचा कमी चरबीचा आहार त्यांना लावला होता. अशी चूक वाढीच्या तक्त्यावर लवकर दिसते. आधी वजनाची रेघ वाकते, मग काही महिन्यांनी उंचीची, आणि डोक्याच्या घेराची सर्वांत शेवटी. वजनाची रेघ दोन मुख्य रेषा ओलांडून खाली आली की आहाराची चौकशी व्हायला हवी. म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत एकूण स्निग्धांशावर बंधन घालू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

प्रमाण कमी करू नये, पण प्रकार बदलता येतो, हे फिनलंडमधील तुर्कू येथे १९९० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्यात हजाराहून अधिक मुलांपैकी निम्म्यांच्या कुटुंबांना, मूल सात महिन्यांचे असल्यापासून, संतृप्त चरबीच्या जागी असंतृप्त तेल वापरण्याचे वारंवार मार्गदर्शन दिले. या मुलांचे एलडीएल थोडे कमी राहिले आणि त्यांची वाढ व मेंदूचा विकास इतरांसारखाच झाला. आईचे दूध तर त्यात कोणी थांबवलेच नव्हते.

आता सुरुवातीच्या बाळाकडे आणि त्याच्या वडिलांकडे वळू. खरी चौकशी वडिलांची व्हायला हवी. त्यांचे एलडीएल १९० च्या वर आहे का, घरात कोणाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता का? तसे असेल तर आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलची शक्यता असते. हा दोष दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. चौथ्या महिन्यातल्या १७२ वरून तो आहे किंवा नाही, काहीच सांगता येत नाही, कारण अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांचे आकडे आणि दोष असलेल्या बाळांचे आकडे एकमेकांत मिसळतात. घराण्यात असा इतिहास असेल तर दोन वर्षांनंतर तपासणी करावी, आणि तेव्हा एलडीएल १६० च्या वर आले तर काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी. दोष निघाला तरी बाळपणी अंगावर प्यायल्यामुळे तो झालेला नसतो, आणि तोवर अंगावरचे दूध चालूच ठेवायचे असते.

काही अतिदुर्मीळ बाळांना मात्र हे कोलेस्टेरॉल झेपत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली एक हकीगत अशी आहे. अकरा महिन्यांची एक मुलगी, अंगावर पिणारी. तिच्या त्वचेवर चरबीच्या पिवळसर गाठी आल्या होत्या आणि रक्तातले कोलेस्टेरॉल तब्बल १०२३ मिलिग्रॅम होते. आईवडिलांचे आकडे साधारण होते. आतड्यातून शोषले गेलेले वनस्पतींतील स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखेच वनस्पतींमधले पदार्थ, आणि जास्तीचे कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारी यंत्रणा बिघडलेला सिटोस्टेरोलेमिया नावाचा आजार डॉक्टरांनी विचारात घेतला होता, पण त्याची खूण असलेले वनस्पतीजन्य स्टेरॉल तिच्या रक्तात कोलेस्टेरॉलच्या मानाने वाढलेले नव्हते, म्हणून तो बाजूला ठेवला. अखेर तिच्या संपूर्ण जनुकीय मजकुराचे वाचन केले तेव्हा एबीसीजी५ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी सापडल्या. आजार तोच होता. खूण दिसली नव्हती, कारण तिचा आहार आईच्या दुधाचा होता आणि आईच्या दुधात कोलेस्टेरॉल भरपूर, पण वनस्पतींचे स्टेरॉल अगदी नगण्य असते. मुलगी वरचे अन्न खाऊ लागल्यानंतर तपासले, तेव्हा ते स्टेरॉल तिच्या रक्तात वाढलेले मिळाले. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाच्या अंगावर अशा गाठी असतील आणि आकडा कित्येक शेकड्यांत असेल, तर वनस्पतीजन्य स्टेरॉलची एक सामान्य तपासणी पाहून हा आजार नाही असे ठरवायचे नसते, जनुकांची तपासणी करायची असते.